डोकं वर काढणारी रेघ

柞蚕䌷丝. सुताच्या एका गठ्ठ्यावर चिकटवलेल्या लेबलावर ही चार चिनी अक्षरे आहेत, अशी कल्पना करू. गठ्ठा मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावात एखाद्या कोष्ट्याच्या घरी आला आहे. व्यापाऱ्याने तो 'टसर' म्हणून विकला आहे. विणकराने लेबलाचा फोटो काढला आणि चिनी येणाऱ्या ओळखीच्या कुणाकडे तरी पाठवला. उत्तर आले: "ओकच्या झाडावरच्या किड्याचे बारीक रेशीम." उत्तर देणाऱ्याला चिनी उत्तम येते आणि त्याने खोटेही सांगितलेले नाही. तरी ते उत्तर चूक आहे, आणि चूक अशी की ती विणकराच्या ताण्यावरच येईल. तिसरे अक्षर 'बारीक' नाही. त्याच्यासारखे दिसणारे ते दुसरेच अक्षर आहे, आणि त्याचा अर्थ धंद्याच्या दृष्टीने जवळजवळ उलट आहे.

प्रसंग मी रचला आहे, पण त्यातली अक्षरे, सुताचे प्रकार आणि चुकीची जागा खरी आहे. अक्षर ओळखणे आणि मालाचा अर्थ लावणे ही दोन निराळी कामे आहेत, आणि पहिले जमले की दुसरे आपोआप जमते हा समज महागात पडतो, एवढेच मला या लेखात दाखवायचे आहे. सुलभ आणि पारंपरिक अशा दोन चिनी लिप्या असल्यामुळे हा गोंधळ होतो, असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे.

आधी भंडाऱ्याचा संबंध. इथला कोसा म्हणजे ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या अळीचे रेशीम. शास्त्रीय भाषेत ती अँथेरिया मायलिट्टा. जंगलात या अळ्या सांभाळण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या मुख्यतः ढीवर समाजाने केले, आणि कोशाच्या धाग्यातून करवतीच्या दात्यांसारखे काठ असलेले लुगडे विणण्याचे काम कोष्ट्यांनी. करवतकाठी साडीला आज भौगोलिक मानांकन आहे. चीनमध्येही जंगली रेशीम होते, पण ते ओकच्या पानांवर जगणाऱ्या अँथेरिया पेर्नी या चुलत जातीचे. लिआओनिंग प्रांत त्यासाठी प्रसिद्ध आहे. या चिनी सुताची लांबी आणि एकसारखेपणा ताण्याला सोयीचा पडतो. म्हणून बाहेरचे सूत ताण्याला आणि देशी कोसा बाण्याला, अशी जोडी भारतातल्या टसरच्या धंद्यात आता नवी राहिलेली नाही. चिनी लेबल विणकराच्या हाती पडते ते या वाटेने.

आयात मालावर हिंदी किंवा इंग्रजीत मजकूर हवा असा कायदा आहे ना, असे कुणी विचारेल. आहे. पाकीटबंद वस्तूंसाठीचे 2011 चे वैधमापन नियम तसे सांगतात. पण ते किरकोळ ग्राहकाच्या पाकिटासाठी आहेत. 25 किलोंपेक्षा मोठ्या गठ्ठ्याला आणि कारखानदाराकडे कच्चा माल म्हणून जाणाऱ्या मालाला त्यांतले बरेचसे बंधन लागू होत नाही. सुताची मोठी पेटी नेमकी याच सवलतीत बसते. नंतर पेटी फुटते, लड्या वेगळ्या होतात, आणि विणकराच्या घरी पोचते ते फक्त मूळचे चिनी लेबल. कधी तेही अर्धे फाटलेले.

आता लिपीकडे. चीनमध्ये 1956 साली अक्षरे सोपी करण्याची योजना जाहीर झाली आणि 1964 मध्ये सुलभ अक्षरांची सर्वसाधारण यादी निघाली. तैवान, हाँगकाँग आणि मकाऊ यांनी जुनी, पारंपरिक अक्षरे ठेवली. रेशमाच्या शब्दांवर या बदलाचा परिणाम डोळ्यांत भरतो. रेशीमकिड्याचे जुने अक्षर 蠶, त्यात 24 रेघा. सुलभ 蚕, त्यात 10. धाग्याचे जुने अक्षर 絲 म्हणजे 12 रेघा, सुलभ 丝 म्हणजे 5. आणि धाग्याशी संबंध असलेल्या शेकडो अक्षरांच्या डाव्या बाजूला जे 糹 येते, त्याचे सुलभ लिपीत 纟 झाले.

बरे, ही जोडी अवघड नाही. 蠶 आणि 蚕 हे एकाच शब्दाचे दोन पोशाख आहेत. तैपेईत शिकलेला माणूस 蚕 पाहून थबकत नाही, कारण हे सोपे रूप हाताने लिहिताना पूर्वीपासून चालत आले आहे. गंमत अशी की प्राचीन शब्दकोशात 蚕 हे गांडुळासाठीही येते. म्हणजे सुलभीकरणाने गांडूळ आणि रेशीमकिडा एका घरात बसवले. पण सुताच्या पाकिटावर गांडूळ कुणी विकत नाही, त्यामुळे हे एकत्रीकरण कुणालाही त्रास देत नाही. दोन लिप्यांमधला फरक धोक्याचा होतो तो इथे नाही.

धोका त्या तिसऱ्या अक्षरात आहे. 䌷 असे ते लिहितात. डावीकडे धाग्याची खूण 纟, उजवीकडे 由. आता 'बारीक' या अर्थाचे अक्षर पाहा: 细. डावीकडे तीच खूण, उजवीकडे 田. 田 म्हणजे शेत, चार खणांचा चौकोन. 由 मध्येही तोच चौकोन, फक्त मधली उभी रेघ चौकटीच्या वर थोडी डोकावते. पारंपरिक लिपीत हीच जोडी 紬 आणि 細 अशी येते, आणि फरक पुन्हा तेवढाच: डोकं वर काढणारी एक रेघ. लेबलावर अक्षर दोन मिलिमीटर उंच, कागद घामाने किंवा पाण्याने सुरकुतलेला, फोटो ट्यूबलाइटखाली तिरका काढलेला. अशा वेळी ती रेघ चौकटीत बुडून गेली तर नवल नाही.

पण मी म्हणेन की अक्षराची खरी चूक डोळा करत नाही, सवय करते. चिनी वाचणारा माणूस प्रत्येक अक्षर रेघारेघांनी तपासत नाही. आपणही शब्दाचा सगळा ठसा एकदम पाहतो आणि शेजारच्या शब्दांवरून उरलेले भरून काढतो. 细 हे रोजचे अक्षर आहे, कोणत्याही शाळकरी मुलाला येणारे. 细丝, बारीक धागा, ही जोडी स्वाभाविक आहे. 䌷 मात्र रेशीम उद्योगाबाहेर जवळजवळ कुणाच्या वाचनात येत नाही. मग अस्पष्ट फोटोत मन ओळखीच्याच अक्षराकडे झुकते. फोनमधली लिपी ओळखण्याची सोयही नेहमी येणाऱ्या शब्दांच्या बाजूने झुकू शकते. म्हणजे ओळखण्याच्या क्षणीच अर्थाने हस्तक्षेप केलेला असतो: जे अक्षर अर्थाला जास्त पटते, तेच दिसते. आधी ओळख आणि मग अर्थ, असा क्रम आपण धरून चालतो. प्रत्यक्षात दोघे एकमेकांना ढकलत असतात.

आणि चूक किती उलटी! 䌷丝 म्हणजे कंगव्याने विंचरताना मागे पडलेल्या आखूड तंतूंचे सूत. हा माल समजून घ्यायचा तर एका कोशाचे किती प्रकारचे सूत होते ते पाहावे लागेल. कोश गरम पाण्यात मऊ करून सलग धागा ओढून काढला की ते 柞蚕丝, सर्वांत महाग, ताण्याला योग्य. फुटके कोश, गुंता झालेला माल, सुरुवातीचा आणि शेवटचा धागा हे सगळे साफ करून, विंचरून, कातून जे सूत बनते ते 绢丝. आणि त्या विंचरण्यातही जे अगदी आखूड खाली उरते, ते कातून झालेले 䌷丝: जाड, गाठाळ, केसाळ. आपल्याकडे फुटक्या कोशांतून हाताने ओढलेल्या सुताला टसरच्या व्यवहारात घिचा म्हणतात. 䌷丝 त्याच्याही खालच्या पायरीवर आहे. बाण्याला ते छान पोत देते. ताण्यात मात्र आखूड तंतूंचे सूत फणीत घासून तुटते. 'बारीक रेशीम' समजून विणकराने तेच ताण्याला लावले, तर मागावर बसल्यावर त्याला कळेल, पण तोपर्यंत खळ चढवून ताणा ओढून झालेला असेल.

इथे लिपीचा एक जुना तांत्रिक घोळ समजून घेण्यासारखा आहे. चीनने 1980 साली संगणकासाठी जो पहिला मानक अक्षरसंच ठरवला, त्यात 6,763 चिनी अक्षरे होती. 䌷 त्यात नव्हते. ते पुढच्या, मोठ्या संचात आले. युनिकोडमध्ये 细 चा क्रमांक U+7EC6 आहे, म्हणजे मुख्य वस्तीत. 䌷 चा U+4337, म्हणजे नंतर जोडलेल्या विस्तारात. ज्या कारखान्याच्या संगणकात जुना संच किंवा अपुरा फाँट आहे, तिथे हे अक्षर टंकायलाच अडचण. मग कामगार काय करतो? जवळचे काही तरी टाकतो. कधी पारंपरिक 紬, कधी त्याच उच्चाराचे 绸, ज्याचा नेहमीचा अर्थ रेशमी कापड. त्यामुळे बाकी सगळे लेबल सुलभ लिपीत आणि मध्येच एक अक्षर पारंपरिक, असे पाहिले तर बनावट माल म्हणून लगेच ओरडू नये. ते अक्षर टंकता आले नाही, एवढेही कारण असू शकते.

आणि 紬 वाचूनही प्रश्न सुटत नाही. पारंपरिक लिपीच्या जुन्या शब्दकोशात पाहिले तर 紬 म्हणजे जाड रेशमी सुताचे कापड. जपानमध्येही हेच अक्षर वापरतात आणि तिथे ते 'त्सुमुगी' नावाच्या एका नामांकित कापडाचे अक्षर आहे, आणि तो माल स्वस्त मुळीच नाही. मुख्य भूमीवरच्या रेशीम गिरणीत मात्र तेच अक्षर विंचरणीच्या खालच्या मालाचे. रेघ न रेघ बरोबर ओळखली, सुलभचे पारंपरिक अचूक केले, तरी तीन ठिकाणचे तीन वाचक तीन वस्तू डोळ्यांसमोर आणतील. अक्षर एक, धंदे तीन. या ठिकाणी दोष सुलभीकरणाचा नाही, पारंपरिक लिपीचाही नाही. लेबल ज्या गिरणीसाठी छापले, त्या गिरणीची भाषा वाचणाऱ्याला येत नाही, एवढाच तो दोष आहे.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. आपला देठाचा 'ल' आणि हिंदीतला 'ल' दिसायला वेगळे, 'श' चेही तसेच. पण युनिकोडमध्ये दोघांचा क्रमांक एकच, आणि कोणता दिसेल ते फाँट ठरवतो. महाराष्ट्र शासनाला 2009 साली निर्णय काढून मराठी वळण ठरवून द्यावे लागले. चिनीत अशा दोन्ही गोष्टी आहेत. काही अक्षरे चीन, जपान, तैवानमध्ये थोडी वेगळी दिसतात पण क्रमांक एक. सुलभ-पारंपरिक जोड्यांना मात्र, रूप खरोखर बदलले असेल तर, स्वतंत्र क्रमांक: 丝 चा U+4E1D आणि 絲 चा U+7D72. म्हणून एका लिपीतला शब्द टाकून दुसऱ्या लिपीतला मजकूर शोधला तर कधी काहीच सापडत नाही, आणि माणूस समजतो की असा मालच नाही.

एका अक्षराची अनेक अक्षरे होणे हा सुलभ-पारंपरिकचा खरा, अस्सल त्रास. सुतावर 'कोरड्या जागी ठेवा' अशी सूचना असते, त्यात 干燥 हा शब्द येतो. सुलभ लिपीत 干 या तीन रेघांच्या अक्षराने तीन जुनी अक्षरे गिळली: 乾 म्हणजे कोरडे, 幹 म्हणजे खोड किंवा काम करणे, आणि मूळचे 干 म्हणजे ढाल, संबंध. पारंपरिक लिपीत 乾燥 लिहिले तर शंका राहत नाही. सुलभमधून उलटे जाताना मात्र वाचणाऱ्याला निवड करावी लागते, आणि निवड शेजारच्या अक्षरावरूनच होते. फोटोत 燥 कापले गेले असेल तर उरलेले 干 एकटे पडते आणि त्याचे काहीही होऊ शकते. चीनमधल्या हॉटेलांच्या आणि दुकानांच्या पाट्यांवर 'कोरडे' या जागी 'करणे' या अर्थाचे, तेही त्यातले अश्लील, इंग्रजी शब्द छापले गेल्याची उदाहरणे जगभर हशाचा विषय झाली होती. कारण हेच.

फोटो कापण्यावरून आठवले. माझ्या मते लिपीच्या सगळ्या घोळांपेक्षा कापलेला फोटो जास्त नुकसान करतो. 真丝 म्हणजे अस्सल रेशीम. पण 仿真丝 म्हणजे अस्सल रेशमाची नक्कल, बहुधा पॉलिएस्टर. फरक फक्त पहिल्या अक्षराचा, आणि ते डाव्या कडेला असते, जिथे अंगठा येतो किंवा लेबल दुमडलेले असते. व्यापाऱ्याने पाठवलेल्या फोटोत 真丝 अगदी स्वच्छ दिसेल. ओळखणारा शंभर टक्के बरोबर ओळखेल. सुलभ असो, पारंपरिक असो, 真 आणि 丝 दोन्हींत शंका नाही. आणि अर्थ पूर्ण खोटा असेल.

丝 बद्दल आणखी एक. शब्दकोशात पहिला अर्थ रेशीम, पण व्यवहारात ते कोणत्याही सलग बारीक तंतूला लागते. 铁丝 म्हणजे लोखंडी तार. 人造丝 म्हणजे व्हिस्कोस, आपल्या बाजारातली रेयॉन, जिचे शब्दशः भाषांतर 'माणसाने बनवलेले रेशीम' असे होते आणि ऐकायला हातमागाच्या मालासारखे वाटते! पॉलिएस्टरच्या सलग धाग्यालाही 丝 च. म्हणून लेबलावर 丝 दिसले की रेशीम, हे समीकरण सोडून द्यावे लागते. त्याच्या डावीकडे काय आहे ते पाहायचे: 柞蚕 असेल तर टसर, 桑蚕 असेल तर तुती, आणि 蚕 च नसेल तर नुसत्या 丝 वरून रेशीम आहे असे धरून चालू नये.

भंडाऱ्यात अशा वेळी एक विचार हमखास पुढे येतो: तिबेटी कॅम्पातल्या कुणाला तरी विचारू. गोठणगावजवळ, प्रतापगडाच्या परिसरात, 1972 साली नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत वसली. तेव्हा तो भाग भंडारा जिल्ह्यातच होता. 1999 मध्ये गोंदिया वेगळा झाल्यावर तिकडे गेला. हिवाळ्यात स्वेटर विकायला येणारी ही माणसे सर्वांना ओळखीची. पण तिबेटी लिपी चिनी कुळातलीच नाही. ती भारतीय लिपीवरून घडली, क-ख-ग-ङ असा आपल्यासारखाच वर्णक्रम असलेली. देवनागरीची ती चुलत बहीण आहे. भारतात जन्मलेल्या तिबेट्याला चिनी लेबल वाचता येईल अशी अपेक्षा करणे म्हणजे चेहऱ्यावरून लिपी ठरवणे.

पुण्यात पु. वि. बापटांसारख्या विद्वानांनी चिनी बौद्ध ग्रंथांचा अभ्यास केला. ती परंपरा पारंपरिक अक्षरांची. त्या वाटेने शिकलेल्या माणसाला 絲 लगेच दिसेल आणि त्याला सूत्रग्रंथातले संदर्भही आठवतील, पण गिरणीतल्या 䌷 चा अर्थ त्यातून मिळणार नाही. उलट मुख्य भूमीवरच्या टेक्स्टाइल कारखान्यातला पर्यवेक्षक जुना ग्रंथ वाचू शकणार नाही आणि हे लेबल झोपेत वाचेल. कोणाला विचारायचे हे ठरवताना 'चिनी येते का' हा प्रश्न पुरत नाही. 'सूत कळते का' हाही विचारायला हवा, आणि दोन्हींपैकी एकच मिळत असेल तर मी सूत कळणाऱ्याला निवडेन.

लिपीवरून मालाचा देश ठरवण्याची सवयही मोडली पाहिजे. पारंपरिक अक्षरे दिसली म्हणजे माल तैवानचा, सुलभ म्हणजे चीनचा, असे ठोकताळे बाजारात चालतात. चीनच्या भाषाविषयक कायद्यातही सुलेखनासाठी आणि हाताने लिहिलेल्या पाट्यांसाठी जुन्या अक्षरांना जागा ठेवलेली आहे, आणि जुनेपणाचा रुबाब मिरवायला कंपन्या आपले नाव पारंपरिक वळणात काढतात. हाँगकाँगमधून विकला जाणारा माल चीनमधल्या गिरणीचा असू शकतो. देश कळतो तो मूळ देशाच्या नोंदीवरून आणि बिलावरून. अक्षराच्या रेघा मोजून तो कळत नाही.

लेबलावरच्या आकड्यांचाही अर्थ लिपीने लागत नाही, आणि तिथे भांडणे होतात. वजनाच्या दोन नोंदी असू शकतात. 净重, पारंपरिक 淨重, म्हणजे निव्वळ वजन. दुसरी 公量. ही दोन अक्षरे दोन्ही लिप्यांत अगदी एकसारखी आहेत, त्यांत सुलभ-पारंपरिक वादच नाही. शब्दशः 'सार्वजनिक परिमाण'. या शब्दांवरून कोण काय समजणार? प्रत्यक्षात ते ओलाव्याच्या मानकावर आणलेले वजन आहे. रेशीम हवेतला ओलावा पिते, म्हणून व्यवहारासाठी सुक्या वजनाच्या 11 टक्के ओलावा धरायचा असा रिवाज आहे. पेटीवर 公量 30 किलो असेल तर त्यातले पूर्ण सुके रेशीम 30 भागिले 1.11, म्हणजे 27.03 किलो. आता ती पेटी मे महिन्यात भंडाऱ्यात उघडली. कोरड्या उन्हाळ्यात सुतात समजा 6 टक्केच ओलावा उरला. काट्यावर येईल 27.03 गुणिले 1.06, म्हणजे 28.65 किलो. जवळपास 1 किलो 350 ग्रॅम 'गायब'. विणकराला वाटेल व्यापाऱ्याने काटा मारला. आणि ऑगस्टमधल्या ओल्या हवेत हाच ओलावा 14 टक्क्यांवर गेला तर तेच सूत 30.8 किलो भरेल, तेव्हा मात्र कुणी तक्रार करायला जाणार नाही. दोघांपैकी कुणीही लबाडी केलेली नाही. अक्षरे शंभर टक्के ओळखली, आणि अर्थ चुकल्याने दोन माणसांचे वैर होऊ शकते.

मग लेबल वाचायचेच नाही का? वाचायचे, पण त्याचे म्हणणे सुताशी ताडून. 䌷 की 细 हा वाद सुताचा एक धागा मिटवतो. वीतभर धागा घ्यावा, उलटा पीळ देऊन सोडवावा आणि हलकेच ओढावा. सलग काढलेल्या रेशमात तंतू टोकापासून टोकापर्यंत जातात आणि धागा सुटला तरी तुटत नाही. विंचरणीच्या सुतात पीळ गेला की आखूड तंतू एकमेकांतून निसटून धागा अलगद वेगळा होतो. 真丝 की 仿真丝 हे जाळून कळते: रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरडते, पॉलिएस्टर वितळून कडक गोळी होते, रेयॉन कागदासारखी जळते. तुती की टसर हे मात्र जाळून कळत नाही, दोन्ही रेशीमच. तिथे सूक्ष्मदर्शकाखाली टसरचा चपटा, रेघाळ तंतू पाहावा लागतो, आणि त्यासाठी सूत प्रयोगशाळेकडे पाठवावे. चिनी ओकचे टसर आणि आपला ऐनावरचा कोसा वेगळा काढायचा तर तेही तज्ज्ञाचेच काम आहे.

या शेवटच्या फरकाबद्दल मला कडक बोलायचे आहे. 柞蚕丝 चे भाषांतर 'टसर' केले तर ते व्यापारी अर्थाने बरोबर आहे. 'कोसा' केले तर नाही. चीनच्या ओकवरच्या किड्याचे रेशीम वापरणे हा गुन्हा नाही, ते चांगले रेशीम आहे. पण त्या ताण्याची साडी 'भंडाऱ्याच्या जंगलातला शुद्ध कोसा' म्हणून विकली, तर ऐनाच्या झाडाखाली अळ्या राखणाऱ्या ढीवराच्या कष्टांचे पैसे दुसऱ्याच्या खिशात जातात. हा गैरसमज अस्पष्ट फोटोमुळे होत नाही. लेबल स्वच्छ वाचूनही तो मुद्दाम करता येतो, आणि म्हणूनच तो सगळ्यांत वाईट.

वाचकांना, विशेषतः जे मागावर किंवा दुकानात बसतात त्यांना, एवढीच विनंती. चिनी लेबलाचा फोटो पाठवायचा तर लेबलाच्या चारही कडा येऊ द्या, डाव्या कडेवरून अंगठा काढा, शंकेच्या अक्षराचा जवळून दुसरा फोटो घ्या, कागद सपाट धरून उजेड बाजूने पडू द्या, आणि सोबत लिहा की हे सूत आहे, कशासाठी हवे आहे. उत्तर आल्यावर अर्थाबरोबर मूळ अक्षरेही टंकून मागा, म्हणजे कोणी 细 वाचले की 䌷 हे नंतरही तपासता येईल. लेबल फाडून फेकू नका; लडीच्या एका तुकड्यासह बिलाला टाचून ठेवा, आणि पेटी उघडली त्या दिवशीचे वजन बिलाच्या मागे लिहून ठेवा.